पोर्ट्रेट फोटोत केस कापले जातात, चष्मा विरघळतो. फोन नेमका कुठं फसतो?

होटगी (ता. दक्षिण सोलापूर) : आमच्या चुलत्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून घरच्यांनी सहा बाय चारचा फ्लेक्स करायचा ठरवला. फोटोचं काम अर्थातच माझ्याकडं आलं, कारण बातम्यांसाठी फोटो काढत फिरणारा घरात मीच. संध्याकाळी साडेपाचला तात्यांना बांधावर उभं केलं. मागं हुरड्यात आलेली ज्वारी, तिच्याही मागं उतरलेलं ऊन. पोर्ट्रेट मोड लावला, दोन फोटो काढले. मोबाईलवर बघितलं तर एकदम झकास. मागची ज्वारी लोण्यासारखी धूसर, तात्या ठळक.

फ्लेक्स छापून आला आणि चौकात उलगडल्यावर सगळे गप्प झाले. तात्यांच्या डाव्या डोळ्यावरच्या काचेची बाहेरची कड विरघळली होती, फ्रेम अर्ध्यातनं गायब. कानावरचे पांढरे केस भादरल्यासारखे सरळ रेषेत कापलेले. कानाच्या मागं ज्वारीचा एक तुकडा चांगला स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्या शेजारची ज्वारी धूसर. शेजारच्या एकानं विचारलं, "डोकं दुसऱ्या फोटोवर चिकटवलंय का?" तात्या मात्र एवढंच म्हणाले, "माझा चष्मा कुणी फोडला रं?"

फ्लेक्स परत छापावा लागला. चूक फ्लेक्सवाल्याची नव्हती. फोटो माझ्या फोनमध्येच तसा होता, सहा इंचाच्या स्क्रीनवर तो मला दिसला नाही एवढंच. तेव्हापासून या ब्लरच्या मागं लागलो. बऱ्याच जणांना हाच त्रास होतोय असं दिसतं. लग्नाच्या बायोडाट्याचा फोटो असो, सत्काराचा असो की श्रद्धांजलीचा, गावात आता सगळे फोटो मोबाईलवरच निघतात. म्हणून जे कळलं ते इथं सविस्तर लिहितोय.

हा ब्लर खरा नसतो

लग्नात फोटोग्राफरकडं मोठा कॅमेरा असतो. त्याचं भिंग मोठं, आतला सेन्सरही मोठा. त्यामुळं माणसावर फोकस धरला की मागचं सगळं आपोआप धूसर होतं. ते काम उजेडच करतो, तिथं कुणी काही कापत नाही. केसाच्या एका बटेच्या कडेला केसाचा आणि मागच्या झाडाचा उजेड आपसूक मिसळतो, म्हणून ते डोळ्याला खरं वाटतं.

फोनचं भिंग हरभऱ्याच्या दाण्याएवढं. त्यातनं दोन हातांवरच्या माणसाचा फोटो काढला तर माणूस आणि मागची भिंत जवळपास सारखीच स्पष्ट येतात. मग फोन एक युक्ती करतो. आधी पूर्ण फोटो स्पष्ट काढायचा, त्यात माणूस कुठं संपतो आणि मागचं कुठं सुरू होतं याची रेघ ठरवायची, आणि रेघेच्या बाहेरचं धूसर करून टाकायचं. म्हणजे हा ब्लर फोटो काढल्यावर वरून फासलेला असतो. ॲपलनं २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसला पोर्ट्रेट मोड दिला तो मागच्या दोन कॅमेऱ्यांच्या जोरावर. गुगलनं २०१७ मध्ये पिक्सेल २ मध्ये मागं एकच कॅमेरा ठेवून तेच काम करून दाखवलं. त्यानंतर ही सोय आपल्या खिशातल्या दहा-बारा हजारांच्या फोनपर्यंत आली.

रेघ ठरवायच्या दोन पद्धती आहेत. पहिली अंतर मोजायची. नाकासमोर बोट धरा आणि आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट जागेवरून हललेलं दिसतं, लांबचं झाड मात्र फारसं हलत नाही. फोनचे दोन कॅमेरे दोन डोळ्यांसारखं हेच बघतात. जे जास्त सरकलं ते जवळचं, जे कमी सरकलं ते लांबचं. पण आपल्या दोन डोळ्यांत साधारण अडीच इंच अंतर असतं, फोनच्या दोन कॅमेऱ्यांत अर्धा-पाऊण इंच. त्यामुळं सरकण्यातला फरक फार बारीक येतो. दुसरी पद्धत ओळखायची. लाखो फोटो दाखवून फोनच्या सॉफ्टवेअरला माणूस कसा दिसतो हे शिकवलेलं असतं. डोकं, खांदे, हात असा आकार ते ओळखतं. बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याला हीच एक पद्धत असते, आणि स्वस्त फोनमध्ये मागच्या कॅमेऱ्याचंही बरंचसं काम तिच्यावरच चालतं.

दोन्ही पद्धतीतनं शेवटी अंतराचा एक नकाशा तयार होतो. जवळचं पांढरं, लांबचं काळं, अशी एक चित्राकृती समजा. हा नकाशा मूळ फोटोपेक्षा बराच भरड असतो. पिठाच्या चाळणीऐवजी ज्वारीच्या चाळणीनं चाळल्यासारखं. गाल, खांदा, हात असल्या मोठ्या गोष्टी त्यात बरोबर सापडतात. केस आणि चष्म्याची फ्रेम चाळणीतनं खाली पडते.

केस का कापले जातात

डोक्याच्या कडेला सुटलेला एक केस फोटोत एका ठिपक्यापेक्षाही बारीक असतो. त्या ठिपक्यात थोडा केस आणि थोडं मागचं आभाळ असं मिसळलेलं असतं. फोनला मात्र ठरवावं लागतं की हा ठिपका माणसाचा की मागचा. माणसाचा म्हटला तर केसाबरोबर आभाळही स्पष्ट राहतं आणि डोक्याभोवती एक पट्टी दिसते. मागचा म्हटला तर केस पुसला जातो आणि डोकं टोपीसारखं गुळगुळीत होतं. चांगले फोन आता अधलंमधलं काढतात, थोडा केस थोडं मागचं, पण वारं सुटलं किंवा उजेड उलटा असला की तेही गडबडतात.

दुसरी अडचण फटींची. मानेच्या आणि मोकळ्या केसांच्या मधनं, वेणीच्या आणि खांद्याच्या मधनं मागचं दिसतं. कंबरेवर हात ठेवला की कोपराच्या आतही तसंच. फोन या फटी माणसातच धरतो आणि तेवढा तुकडा स्पष्ट सोडतो. तात्यांच्या कानामागची ज्वारी अशीच राहिली होती. बायकांच्या फोटोत गजऱ्याचं हमखास असं होतं. गजरा डोक्याच्या मागच्या बाजूला, चेहऱ्यापेक्षा वीतभर लांब. अर्धा गजरा टिकतो, अर्धा धुक्यात जातो.

जाता जाता सांगतो, फोनला सगळ्यात आवडतो तो टोपीवाला माणूस. गांधी टोपी, फेटा, डोक्यावरचा पदर यांची कड सरळ असते, तिथं तो सहसा चुकत नाही. फक्त पांढरी टोपी पांढऱ्या आभाळासमोर नको.

चष्म्याचं दुखणं वेगळं

फ्रेम बारीक असते हे एक. पण खरी गोची काचेची आहे. काचेतनं आरपार दिसतं आणि काचेवर प्रतिबिंबही पडतं. अंतर मोजणाऱ्या फोनला काचेवरचं आभाळ दिसलं तर तो त्या जागेचं अंतर आभाळाएवढं लांब समजतो. आरशाचंही तसंच, आरशावर फोकस धरला तर कॅमेरा काचेवर थांबत नाही, आतल्या प्रतिबिंबावर जातो. मग चेहऱ्याच्या मधोमध फोनच्या नकाशात एक भोक पडतं आणि काच किंवा डोळ्याची कड धूसर होते.

आणि चेहरा जरा तिरका असला की पलीकडची काच गालाच्या बाहेर येते. त्या काचेतनं आता गाल दिसत नाही, मागची ज्वारी दिसते. फोननं काय करायचं? फ्रेम जवळची, पण फ्रेमच्या आत दिसणारं लांबचं. तात्यांच्या फोटोत त्यानं ती सगळी कडच लांबची धरली आणि फ्रेमसकट पुसली. कधी कधी उलटंही होतं, काचेच्या आतली ज्वारी स्पष्ट राहते आणि बाहेरची धूसर. दोन्ही तितकंच वाईट दिसतं. जाड वजा नंबरच्या चष्म्याला तर चेहरा सरळ असला तरी काचेच्या कडेला गालाची रेघ आत गेल्यासारखी दिसते आणि तिथं मागचं डोकावतं. अशा वेळी थोडी चूक राहणारच, हे धरून चालायचं.

दुसऱ्यांदा फोटो काढला तेव्हा

फ्लेक्स परत द्यायचा होता म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तात्यांना घरच्या ओसरीवर बसवलं. वर छप्पर, त्यामुळं ऊन डोक्यावर नाही, आणि समोरनं अंगणाचा मऊ उजेड चेहऱ्यावर. आदल्या दिवशी सूर्य मागं होता. तेव्हा कडेचे केस पेटल्यासारखे चमकत होते आणि फोन ते केस आभाळातच धरत होता. ओसरीवर हा प्रश्नच मिटला.

पहिल्यांदा मागं खिडकी आली. खिडकीचे उभे गज फोनला नडतात. सगळे गज सारखेच, त्यामुळं एका कॅमेऱ्यातला हा गज दुसऱ्या कॅमेऱ्यातला कुठला, याचा मेळ त्याला लागत नाही. ज्वारीच्या ताटांचं, तारेच्या कुंपणाचं आणि पन्हाळी पत्र्याचंही तेच आहे. आपल्याकडं फोटोला ज्वारी-ऊस मागं घ्यायची हौस असते, पण पोर्ट्रेट मोडला त्याच्याइतकं अवघड मागचं दृश्य नाही. होटगी तलावाच्या काठावर संध्याकाळी काढलेल्या फोटोंचंही असंच होतं, तिथं चमकणारं पाणी केसांच्या कडा खातं.

खुर्ची फिरवून अशी ठेवली की तात्यांच्या मागं ओसरी संपून बाजूचा बोळ येईल आणि बोळाच्या टोकाला सावलीतली मातीची भिंत. तात्यांपासून भिंत पंधरा-सोळा फूट लांब. मी तात्यांपासून पाच फुटांवर. हे दोन आकडे महत्त्वाचे. माणूस फोनपासून चार ते सात फुटांच्या आत असला की दोन कॅमेऱ्यांना अंतरातला फरक नीट कळतो. त्याच्या पुढं गेलं की अंदाज सैल होतो, काही फोन तर 'जवळ या' असं सांगतात. आणि मागची गोष्ट माणसापासून निदान दहा फूट लांब हवी. भिंतीला टेकून उभं राहायचं आणि वर ब्लर मागायचा, मग फोन बिचारा अंदाजानं कापणारच.

मातीची भिंत निवडली त्याला आणखी एक कारण होतं, आणि माझ्या मते या सगळ्यात हेच सगळ्यात कामाचं. फोन केसात चुकणारच आहे, ते आपल्या हातात नाही. ती चूक दिसू द्यायची की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. मागचं दृश्य एकसारखं असलं, त्यात फांद्या, तारा, अक्षरं, उजेडाचे ठिपके नसले, तर केसाच्या फटीत स्पष्ट राहिलेली भिंत आणि बाहेरची धूसर भिंत एकसारखीच दिसते. पट्टी राहिली तरी डोळ्याला सापडत नाही. केसांचा आणि मागच्या रंगाचा उजेडही फार लांब नसावा. काळ्या केसांमागं पांढरं आभाळ हे सगळ्यात वाईट. काळ्या केसांना सावलीतलं हिरवं झाड किंवा दगडी भिंत चालते, पिकलेल्या केसांना फिकट मातीचा रंग. पण अगदी एकच रंगही करू नका. काळे केस आणि मागं काळोखी खोली असं केलं तर काही फोन डोक्याचा वरचा भागच अंधारात घालवतात.

आता चष्मा. तात्यांना म्हटलं, "तात्या, मान सरळ माझ्याकडं करा, आणि हनुवटी जरा खाली." चेहरा सरळ झाल्यावर काच गालाच्या आत आली, बाहेर डोकावायची बंद झाली. तरी काचेवर अंगणातलं आभाळ दिसत होतं. यावर जुने स्टुडिओवाले एक गोष्ट करायचे ती केली. चष्म्याच्या काड्या कानाच्या मागं किंचित वर उचलायच्या, अर्धा-पाऊण सेंटिमीटर. काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब आभाळाऐवजी जमिनीचं पडतं. फोटोत काड्या वर आहेत हे कळत नाही. तात्या कुरकुरले, "पडंल की चष्मा." पडला नाही. फोन त्यांच्या डोळ्याच्या उंचीला धरला, त्यामुळं काचा अजून नीट आल्या.

केसांना थोडं पाणी लावून हातानंच बसवले. वाऱ्याची झुळूक आली की थांबायचं. फोन एका दाबात पाठोपाठ बरेच फोटो घेऊन ते एकात मिसळतो, तेवढ्यात केस हलला तर एकाचे दोन दिसतात.

ब्लर किती ठेवायचा

ब्लरची पट्टी बहुतेक फोनमध्ये असते. कुठं ती f/1.4 ते f/16 अशी असते, कुठं नुसती शून्य ते शंभर. f चा आकडा जितका लहान तितका ब्लर जास्त, इथं बरेच जण उलटं समजतात. पहिल्या फोटोला मी पट्टी टोकाला नेली होती. ब्लर जेवढा जास्त तेवढी कापलेली कड उघडी पडते, कारण स्पष्ट आणि धूसर यांतला फरक वाढतो. या वेळी f/4.5 ठेवला. शंभराची पट्टी असेल तर तीस-पस्तीसच्या पुढं सहसा जाऊ नका. भिंत पंधरा फूट लांब असल्यावर एवढंही भरपूर होतं.

आयफोन आणि बरेच अँड्रॉइड फोन अंतराचा नकाशा फोटोसोबतच जपून ठेवतात, त्यामुळं गॅलरीत जाऊन एडिटमधनं ब्लर नंतर कमी करता येतो किंवा पूर्ण काढता येतो. पण हे फक्त मूळ फोटोवर चालतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो नकाशा जातो, फोटोही लहान होतो आणि कड आणखी खराब दिसते. म्हणून ब्लर आधी आपल्याच फोनमध्ये ठरवायचा आणि फ्लेक्सवाल्याला किंवा स्टुडिओला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा.

काढतानाच्या स्क्रीनवर जे दिसतं ते शेवटचं नसतं. फोन नंतर दोन-तीन सेकंद काम करतो. गॅलरीत फोटो पूर्ण उघडू द्या, मग दोन बोटांनी मोठा करा आणि आधी दोन्ही कानशिलं बघा, मग चष्म्याच्या बाहेरच्या कडा, मग मान आणि केसांमधली फट, शेवटी डोक्याचा वरचा भाग. माणूस समोर बसलेला असतानाच बघा. घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

आणि प्रत्येक वेळी एक फोटो साध्या मोडमध्ये काढून ठेवा. हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. साध्या फोटोत पुसलं गेलेलं काहीच नसतं, गरज पडली तर फ्लेक्सवाला त्यावरच काम करू शकतो. बातमीचा फोटो तर मी आता साध्या मोडमध्येच काढतो, कारण कड कापलेली दिसली की वाचक थेट विचारतो, फोटो खरा आहे का? फोनला 2x कॅमेरा असेल तर तो लावून, माणूस जवळ आणि मागचं लांब ठेवून काढलं तरी मागचं थोडं धूसर होतं. ते भिंगानं केलेलं असतं, म्हणून तिथं एकही केस कापला जात नाही.

भाचीचा बायोडाट्याचा फोटो मागच्या महिन्यात असाच काढला. केस मोकळे सोडायचा तिचा हट्ट होता. पोर्ट्रेट मोडमध्ये तीन वेळा काढून बघितलं, तिन्ही वेळा उजव्या खांद्यावरच्या कुरळ्या बटा चिकटवल्यासारख्या दिसल्या. शेवटी केस एका खांद्यावरून पुढं घेतले, म्हणजे बटांच्या मागं तिचाच ड्रेस आला आणि फोनला कापायला कड उरली नाही. तोच फोटो पाठवला.

तात्यांचा दुसरा फ्लेक्स चौकात आठवडाभर होता. जवळ जाऊन बघितलं तर डोक्यावर डाव्या बाजूला दोन-तीन केस अजूनही धूसर आहेत. चष्मा मात्र पूर्ण आहे.